अकरा मिनिटांत दोनशे पंच्याहत्तर अलार्म

वेल्समध्ये मिलफर्ड हेवन बंदराजवळ टेक्सॅको कंपनीची मोठी रिफायनरी होती. २४ जुलै १९९४ हा रविवार होता, त्यामुळे आवारात माणसं नेहमीपेक्षा कमी होती. सकाळी आठच्या सुमारास तिथे विजांचं जोरदार वादळ झालं. कच्च्या तेलाचं ऊर्ध्वपातन करणाऱ्या युनिटला वीज पडून आग लागली, वीजपुरवठा डळमळला आणि दिवस चढत गेला तशी एकेक युनिटं बंद करावी लागली. चालू राहिलं ते फक्त क्रॅकर, म्हणजे जड तेलाचे रेणू फोडून त्यातून पेट्रोलचे घटक काढणारं युनिट. पाच तासांनी, दुपारी १ वाजून २३ मिनिटांनी, स्फोट झाला तो याच युनिटमध्ये. सुमारे २० टन ज्वलनशील हायड्रोकार्बन हवेत सुटला, त्याचा ढग थोडा पसरला आणि पेटला. २६ जण जखमी झाले. रविवार होता म्हणून जखमा किरकोळ राहिल्या आणि कुणाचा जीव गेला नाही. आग पूर्ण विझायला दोन दिवसांहून जास्त वेळ लागला.

वीज सकाळी पडली आणि स्फोट दुपारी झाला. मधले पाच तास कंट्रोल रूममध्ये अनुभवी माणसं बसलेली होती, पडदे चालू होते, हजारो मोजमापं समोर येत होती. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा कार्यकारी मंडळानं या अपघाताची बारकाईनं चौकशी करून १९९७ मध्ये अहवाल काढला. त्यातला एक आकडा पुढे कंट्रोल रूममध्ये काम करणाऱ्या जगभरच्या लोकांना पाठ झाला. स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. सरासरी अडीच सेकंदांना एक. प्रत्येक अलार्म ओळखायचा, ‘पाहिला’ म्हणून बटण दाबायचं आणि त्यावर काहीतरी करायचं, अशी त्यांच्याकडून अपेक्षा होती.

आधी त्या सकाळी प्लँटमध्ये काय चाललं होतं ते पाहू. क्रॅकरमधून निघालेला माल एकामागून एक उंच स्तंभांतून जातो आणि त्यात त्याचे हलके-जड भाग वेगळे होतात. त्यातल्या एका स्तंभाला डिब्युटनायझर म्हणतात. वादळाच्या धक्क्यानं आधीच्या स्तंभातली पातळी घसरली, तेव्हा डिब्युटनायझरकडे जाणारा वॉल्व्ह बंद झाला. डिब्युटनायझरच्या तळातून माल पुढे सोडणारा वॉल्व्हही बंद झाला. थोड्या वेळानं आधीच्या स्तंभाची पातळी सावरली आणि डिब्युटनायझरमध्ये पुन्हा माल येऊ लागला. तळाचा वॉल्व्ह मात्र उघडलाच नाही. कंट्रोल रूमच्या पडद्यावर तो उघडा दिसत होता. प्रत्यक्षात तो अडकून बंद राहिला होता.

म्हणजे आत माल येतोय, खालून उष्णता मिळतेय आणि बाहेर पडायची वाट बंद आहे. स्तंभ भरत गेला, दाब वाढला, सुरक्षा झडपा उघडल्या आणि माल मशालीच्या लाइनमध्ये जाऊ लागला. चेंबूर-माहुलकडे किंवा कुठल्याही रिफायनरीजवळ राहणाऱ्यांनी उंच चिमणीच्या टोकावर जळणारी ज्योत पाहिलेली असते. प्लँटमधली माणसं तिला फ्लेअर म्हणतात. त्या ज्योतीपर्यंत वायू जावा, द्रव जाऊ नये, म्हणून वाटेत एक मोठी आडवी टाकी असते, तिला नॉकआउट ड्रम म्हणतात. वायूबरोबर आलेला द्रव तिथे खाली बसतो आणि पंपानं काढून घेतला जातो. मिलफर्ड हेवनला काही काळापूर्वी या पंपाच्या व्यवस्थेत बदल झाला होता. आधी ड्रम भरला की द्रव आपोआप मोठ्या वेगानं रद्दी तेलाच्या टाकीत फेकला जायचा. बदलानंतर तो कमी वेगानं परत प्रक्रियेत वळवला जाऊ लागला. जुनी, मोठी वाट वापरायची तर माणसाला हातानं वॉल्व्ह उघडावे लागत. त्या दुपारी ड्रम भरला, द्रव पुढच्या पाइपमध्ये शिरला, आतून गंजलेलं एक वळण त्याच्या धक्क्यानं फुटलं आणि २० टन माल मोकळा झाला.

ड्रमची पातळी वाढल्याचा अलार्म स्फोटाआधीच आला होता. अलार्मच्या गर्दीत तो कुणाला उमगला नाही.

अशा गर्दीला या क्षेत्रात अलार्मचा पूर म्हणतात. एका ऑपरेटरसमोर दहा मिनिटांत दहापेक्षा जास्त अलार्म येऊ लागले की पूर सुरू झाला आणि दहा मिनिटांत पाचपेक्षा कमी झाले की तो ओसरला, असं आजचे मार्गदर्शक दस्तऐवज मानतात. हा आकडा माणसाच्या कामाकडे पाहून धरला आहे. एक अलार्म नीट हाताळायचा म्हणजे आधी कुठल्या यंत्राचा आहे ते वाचायचं, योग्य पडद्यावर जायचं, शेजारची दोन-तीन मोजमापं बघून तो खरा आहे का याची खात्री करायची, कारण शोधायचं, वॉल्व्ह हलवायचा किंवा वॉकीटॉकीवरून फील्डमधल्या माणसाला सांगायचं, आणि मग परिणाम दिसतोय का ते पाहायचं. यातल्या प्रत्येक पायरीला वेळ लागतो, एवढं सगळं मिनिटभरात उरकणं म्हणजे चपळाई झाली. अडीच सेकंदांत नावसुद्धा पुरतं वाचून होत नाही. मग हात आपोआप एकच काम करतो. भोंगा बंद करण्याचं बटण दाबत राहतो. मी स्वतः पॅनेलवर बसलेल्या माणसाचा अंगठा असा चालताना पाहिला आहे. डोळे दुसऱ्या पडद्यावर, तोंडानं फील्डशी बोलणं आणि अंगठा न थांबता बटणावर. तो बेफिकीर नव्हता. आवाज चालू असताना विचार करता येत नाही, म्हणून आधी तो बंद करणं त्याला भाग होतं.

इतके अलार्म येतात कुठून? जुन्या कंट्रोल रूममध्ये अलार्म म्हणजे भिंतीवरच्या पॅनेलमधली काचेची छोटी खिडकी. तिच्यामागे दिवा, दिव्यापर्यंत स्वतंत्र वायर, खिडकीवर कोरलेलं नाव. पॅनेलवर जागा ठरलेली असायची आणि नवीन खिडकी म्हणजे खर्च. त्यामुळे प्रत्येक अलार्मसाठी कुणीतरी भांडायचं आणि कुणीतरी ‘खरंच लागतो का?’ असं विचारायचं. १९७५ नंतर संगणकावर चालणाऱ्या वितरित नियंत्रण प्रणाली, म्हणजे डीसीएस, आल्या आणि ही अडवणूक संपली. प्रत्येक ट्रान्समीटरबरोबर आपोआप चार अलार्म मिळू लागले: कमी, खूप कमी, जास्त, खूप जास्त. शिवाय मोजमाप बिघडलं तर एक, सेटपॉइंटपासून दूर गेलं तर एक, फार वेगानं बदललं तर आणखी एक. यातला प्रत्येक चालू करायला एक टिचकी पुरते. प्लँट उभारताना घाई असते, डिझाइनवाल्याला वाटतं की असलेला बरा, धोक्याचं विश्लेषण करणाऱ्या प्रत्येक बैठकीतून ‘इथे अलार्म द्यावा’ अशी आणखी एक शिफारस बाहेर पडते, आणि अपघात झाला की उपाय म्हणून पुन्हा एक अलार्म वाढतो. काढणारा कुणी नसतो. मिलफर्ड हेवनच्या प्रणालीत २०४० अलार्म होते आणि त्यातले ८७ टक्के ‘उच्च प्राधान्याचे’ म्हणून नोंदवलेले होते. दहातले जवळजवळ नऊ सर्वांत तातडीचे असतील, तर पडद्यावरच्या लाल रंगाचा उपयोग काय राहिला?

या अपघातानंतर कामाला वेग आला. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या अभियांत्रिकी साधनं आणि सामग्री वापरणाऱ्यांच्या संघटनेनं अलार्म प्रणालीवर ‘ईमुआ १९१’ नावाची मार्गदर्शिका काढली. २००९ मध्ये अमेरिकेत ‘आयएसए १८.२’ हे मानक आलं आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ‘आयईसी ६२६८२’. या तिन्हींचं सार एका व्याख्येत आहे. यंत्रातला बिघाड, प्रक्रियेतलं विचलन किंवा असाधारण स्थिती, जिच्यावर ऑपरेटरनं वेळेत काहीतरी करणं आवश्यक आहे, ती कळवण्याचं साधन म्हणजे अलार्म. व्याख्येतला ‘करणं आवश्यक’ हा भाग निर्णायक आहे. ऑपरेटरनं काही करायचं नसेल तर तो अलार्म नव्हे. तो नोंदवहीत जावा, आलेखावर दिसावा, देखभाल खात्याच्या यादीत पडावा, पण भोंगा वाजवून माणसाला दचकवू नये.

या व्याख्येच्या चाळणीतून एकेक अलार्म काढायचा, याला अलार्म रॅशनलायझेशन म्हणतात. बोलताना आम्ही त्याला सरळ छाननी म्हणतो. एका टेबलाभोवती प्रोसेस इंजिनिअर, इन्स्ट्रुमेंटवाला, सुरक्षा विभागाचा माणूस आणि रोज पॅनेलवर बसणारा ऑपरेटर बसतात. हा शेवटचा माणूस नसेल तर बैठक घेऊ नये, असं माझं मत आहे, कारण अलार्म आल्यावर खरोखर काय केलं जातं ते फक्त त्यालाच माहीत असतं. समोर यादी असते आणि प्रत्येक ओळीला तेच प्रश्न विचारले जातात. हा अलार्म कशामुळे येतो? आल्यावर तुम्ही काय करता? काहीच केलं नाही तर काय होईल? आणि ते होईपर्यंत किती वेळ आहे?

अशाच एका बैठकीत एका शीतजलाच्या लाइनचा ‘प्रवाह कमी’ अलार्म निघाला. इंजिनिअरनं तो महत्त्वाचा असल्याचं सांगितलं. मी ऑपरेटरला विचारलं, “काका, हा आला की काय करता?” काका थोडं थांबून म्हणाले, “साहेब, खरं सांगू? ॲक्नॉलेज करतो. पाणी कमी झालं की पुढे तापमान वाढतं, त्याचा अलार्म येतो. मग मी पाणी वाढवतो.” म्हणजे काम एकच आणि त्यासाठी अलार्म दोन. पहिल्यावर कुणी काही करत नव्हतं आणि दुसऱ्यावर हमखास केलं जात होतं. तापमानाच्या अलार्मनंतर पुरेसा वेळ मिळतो का, ते हिशेबानं तपासलं. मिळत होता. पहिला अलार्म काढून टाकला.

हिशेब कसा मांडतात ते पाहायला मिलफर्ड हेवनसारखाच एक नॉकआउट ड्रम घेऊ. आकडे इथे समजावण्यापुरते माझे आहेत. समजा ड्रमची पातळी ८० टक्क्यांवर गेली की द्रव मशालीच्या लाइनमध्ये जायला लागतो. मोठ्यात मोठ्या बिघाडात पातळी मिनिटाला २ टक्के वाढते. नेहमीची पातळी २० टक्क्यांच्या आत असते. आता काम करायला लागणारा वेळ मोजू. अलार्म लक्षात येऊन खात्री करायला २ मिनिटं. वॉकीटॉकीवरून सांगितल्यावर फील्डमधला माणूस ड्रमपाशी पोचायला ६ मिनिटं, आणि हे अंतर प्रत्यक्ष चालून मोजायचं, नकाशावर नाही. वॉल्व्ह उघडून मोठा पंप सुरू करायला ४. पंप सुरू झाल्यावर पातळी चढायची थांबेपर्यंत ३. एकूण १५ मिनिटं, आणि तेवढ्यात पातळी ३० टक्के वाढते. म्हणून अलार्म ५० टक्क्यांवर लावायचा. कुणीतरी ‘सुरक्षित राहू’ म्हणून तो २५वर लावला तर किरकोळ गडबडीतही तो वाजेल, आणि आठवडाभरात त्याच्याकडे बघायची सवय सुटेल. ७०वर लावला तर फील्डमधला माणूस वाटेत असतानाच द्रव पुढे गेलेला असेल.

आता ‘खूप जास्त’ हा दुसरा अलार्म हवा का? त्याच्यावर वेगळं काम असेल तरच. समजा तो ६५ टक्क्यांवर आहे. तेव्हा ८०ला पोचायला साडेसात मिनिटं उरतात, आणि काम वेगळं आहे: आता पंपाची वाट न बघता कंट्रोल रूममधूनच युनिटचं खाद्य तोडायचं. निर्णय घेऊन बटण दाबायला एखाद-दोन मिनिटं आणि आवक मंदावायला तीन मिनिटं, म्हणजे वेळ पुरतो. दुसरा अलार्म राहू द्यावा. पण दुसऱ्यावरही उत्तर ‘पंप सुरू करा’ एवढंच असतं, तर तो पहिल्याचाच पुन्हा वाजलेला आवाज झाला, काढून टाकावा. आणि हिशेबात एखाद्या ठिकाणी कामाला १५ मिनिटं हवीत आणि हातात ५च आहेत असं निघालं, तर तिथे कुठलाही अलार्म उपयोगाचा नाही. तिथे आपोआप चालणारा इंटरलॉक किंवा मोठा पंप हवा. छाननीत असे निष्कर्ष निघतात आणि ते अवघड असतात, कारण त्यांना पैसा लागतो. माणसाला अशक्य असलेलं काम एका अलार्मच्या नावावर त्याच्या डोक्यावर ठेवलेलं असतं आणि कागदावर ते ‘संरक्षण’ म्हणून मोजलेलं असतं.

प्राधान्य ठरतं तेही याच दोन गोष्टींवरून: दुर्लक्ष केलं तर परिणाम किती गंभीर आणि हातात वेळ किती. यंत्र महाग आहे, किंवा त्याच्यावर मोठ्या साहेबांचं लक्ष आहे, म्हणून प्राधान्य वाढत नाही. आपल्या ड्रमचे दोन्ही अलार्म आगीच्या शक्यतेशी जोडलेले आहेत, तरी पहिल्याला पंधरा मिनिटं आहेत म्हणून तो मध्यम प्राधान्याचा होऊ शकतो आणि दुसऱ्याला साडेसातच आहेत म्हणून उच्च. हे ऐकून बैठकीत हमखास कुणीतरी अस्वस्थ होतं, ‘मशालीचा अलार्म आणि मध्यम?’ प्राधान्य म्हणजे त्या यंत्राचा मान नव्हे. एकाच वेळी पाच अलार्म आले तर हात आधी कुठे जावा, एवढंच ते सांगतं. ईमुआच्या मार्गदर्शिकेनुसार एकूण अलार्मपैकी सुमारे ८० टक्के कमी, १५ टक्के मध्यम आणि ५ टक्केच उच्च प्राधान्याचे असावेत. मिलफर्ड हेवनचे ८७ टक्के या ५ टक्क्यांशेजारी ठेवून पाहा.

एवढ्यानं रोजचा दिवस शांत होतो, पण आधी मोजक्या अलार्मची उंदरासारखी खुडबुड बंद करावी लागते. बऱ्याच प्लँटमध्ये निम्म्याहून अधिक अलार्म मोजक्या दहा-पंधरा ठिकाणांहून येत असतात. कोकणपट्टीतल्या एका कारखान्यात, नाव घेत नाही, ऐन पावसाळ्यात एका टाकीच्या पातळीचा अलार्म रात्रभर येत-जात होता. जंक्शन बॉक्सच्या झाकणाचं रबर कुजलेलं, आत पाणी शिरलेलं, टर्मिनलवर हिरवट गंज. मोजमाप मर्यादेच्या आसपास थरथरत होतं आणि प्रत्येक थरथरीला एक अलार्म उठत होता. रात्रपाळीनं शेवटी पॅनेलच्या स्पीकरवर चिकटपट्टी लावली. त्या रात्री दुसरं काही झालं असतं तर तेही त्या पट्टीखाली दबलं असतं. अशा येरझारा घालणाऱ्या अलार्मवर उपाय साधे आहेत. झाकणाचं रबर बदलणं हा पहिला. सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टा ठेवणं हा दुसरा: अलार्म ५० टक्क्यांवर आला तर तो ४९.९ला न जाता ४५ला उतरल्यावरच जावा. पातळी आणि प्रवाहासाठी सुरुवातीला मोजमापाच्या आवाक्याच्या ५ टक्के, दाबासाठी २ आणि तापमानासाठी १ टक्का असा पट्टा धरतात. तिसरा उपाय म्हणजे थोडा वेळ थांबून मग अलार्म देणं किंवा काढणं. पातळीसाठी मिनिटभर थांबलं तरी चालतं, कारण मोठी टाकी मिनिटात भरत नाही. मात्र दाब वेगानं वाढू शकतो अशा ठिकाणी ते मिनिट आपल्या हिशेबातल्या वेळेतून वजा होतं, हे विसरून चालत नाही.

छाननी मनापासून केली, थरथर थांबवली, प्राधान्यं नीट लावली, तरी एक गोष्ट राहतेच आणि तिथेच खूप कारखान्यांची निराशा होते. रोजचे अलार्म तासाला पाच-सहावर येतात, मोठा कॉम्प्रेसर ट्रिप झाला की पूर मात्र पुन्हा येतो. कारण छाननी एका-एका अलार्मची होते आणि ती प्लँट चालू आहे असं धरून होते. ‘प्रवाह कमी’ हा अलार्म पंप चालू असताना मोलाचा असतो. पंप बंद पडला की प्रवाह कमी होणारच, दाबही पडणार, पुढच्या टाकीची पातळीही घसरणार. एका घटनेची सात-आठ भावंडं रांगेत येऊन उभी राहतात आणि त्यातली एकही नवी बातमी आणत नाही.

म्हणून दुसऱ्या टप्प्यात स्थिती पाहून अलार्म दाबण्याची व्यवस्था करतात. पंप ‘बंद’ असेल तेव्हा त्याच्या प्रवाहाचा आणि दाबाचा अलार्म प्रणाली स्वतःच रोखून धरते. ‘पंप बंद पडला आणि राखीव पंप सुरू झाला नाही’ एवढा एकच अलार्म येतो, कारण माणसानं करायचं काम तेवढंच असतं. राखीव पंप आपोआप सुरू झाला असेल तर भोंग्याची गरज नाही, नोंद देखभालवाल्यांकडे जावी. अनेक कारणांनी ट्रिप होऊ शकणाऱ्या यंत्राला सर्वांत आधी कुठलं कारण घडलं ते वेगळं दाखवतात, म्हणजे मागाहून आलेल्यांत ते हरवत नाही. याशिवाय ऑपरेटरला एखादा त्रासदायक अलार्म स्वतः काही काळ बाजूला ठेवता येतो. मात्र त्याला मुदत हवी, तो एका यादीत दिसायला हवा आणि पाळी बदलताना ती यादी पुढच्या माणसाला वाचून दाखवायला हवी. चिकटपट्टीला ना मुदत असते ना यादी.

इथेच मला मिलफर्ड हेवनच्या त्या वॉल्व्हकडे परत यावंसं वाटतं. दाबण्याचं तर्कशास्त्र स्थितीवर चालतं, आणि स्थिती एखादा सिग्नलच सांगतो. त्या दिवशी सिग्नल सांगत होता की तळाचा वॉल्व्ह उघडा आहे. समजा त्यावर विसंबून कुणी नियम लिहिला असता की वॉल्व्ह उघडा असेल तर डिब्युटनायझरच्या पातळीचे अमुक अलार्म रोखून धरा, तर प्रणालीनं खोट्या साक्षीवरून खरी बातमी गिळली असती. म्हणून वॉल्व्हला दिलेला हुकूम किंवा त्याच्या एका स्विचची खूण यावर अलार्म रोखू नयेत. परिणाम मोजावा. वॉल्व्ह उघडा असेल तर त्यातून प्रवाह दिसला पाहिजे. पंप चालू असेल तर मोटरनं करंट ओढला पाहिजे. दोन वेगळ्या मोजमापांचं एकमत झाल्यावरच अलार्म रोखावा आणि ते मोडलं की लगेच मोकळा करावा. जे अलार्म सुरक्षेच्या हिशेबात धरलेले आहेत, ते अशा व्यवस्थेच्या कक्षेत आणताना हात आखडताच ठेवावा. पूर कमी करण्याच्या उत्साहात एक खरा अलार्म गप्प झाला तर तो गप्प झाल्याचं कुणालाही ऐकू येत नाही.

आणखी एक मर्यादा त्या अहवालातूनच दिसते. उत्तम छाननी झालेली असती तर ड्रमचा अलार्म वर उठून दिसला असता, कदाचित कुणीतरी धावून पंप सुरू केला असता. पण डिब्युटनायझर का भरतोय हे त्यातून कळलं नसतं. ऑपरेटर सकाळपासून लक्षणांशी झुंजत होते. स्तंभाचा दाब कमी करायला त्यांनी दुसरी वाट उघडली, त्यातून कॉम्प्रेसरच्या टाकीत द्रव गेला, कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि मशालीकडे आणखी माल वळला. तो सुरू केला, तो पुन्हा पडला. अलार्म एका बिंदूबद्दल बोलतो, सबंध प्लँटबद्दल नाही. त्यांच्या पडद्यांवर सबंध प्रक्रियेचं एकत्र चित्र नव्हतं आणि चौकशीनं त्यावर नेमकं बोट ठेवलं. आत किती माल येतोय आणि बाहेर किती जातोय याचा ताळा दाखवणारा एक आढावा-पडदा ऑपरेटरसमोर हवा, असं अहवालानं म्हटलं.

असा पडदा त्या रविवारी असता तर त्यावर डिब्युटनायझरचे दोन आकडे शेजारीशेजारी दिसले असते. वरच्या बाजूला आत येणारा प्रवाह, तास उलटले तरी चालूच. खालच्या बाजूला, ‘उघडा’ दाखवणाऱ्या वॉल्व्हखाली, बाहेर जाणारा प्रवाह: जवळजवळ शून्य.